ताईंना चिठ्ठी

सातारा, १४ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

महिनाभर तुम्ही विचारताय, कपालभाती आली की मी डोळे मिटून गप्प का बसते. सर्दीचं कारण सांगत होते, ते खोटं होतं. मला दिवस गेलेत. काल अठरा आठवडे पूर्ण झाले, एप्रिलच्या मध्याची तारीख दिलीय. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात गेलं होतं, म्हणून या वेळी आईंनी आधीच बजावलं होतं, की कुणाला सांगायचं नाही. पण तुम्हाला तरी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

डॉक्टरांनी चालणं आणि हलका योग चालेल म्हणून सांगितलंय. पोटावर झोपून करायचं काही नको, म्हणजे भुजंगासन, धनुरासन बंद. सर्वांगासन नको, पोट पिळणारं अर्धमत्स्येंद्रासनही नको. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं तर नाहीच. अनुलोम-विलोम कुंभक न करता आणि भ्रामरी चालेल. वीस आठवड्यांनंतर फार वेळ उताणं पडायचं नाही, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो म्हणे. तर शवासन मी डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन करेन. उशी घरून आणते.

आता माझं निरीक्षण. उत्तानासनातून झटकन वर आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपी शंभर-साठच्या आसपास असतं. पाय फाकवून उभं राहिलं, की जांघेत कळ येते. त्यामुळे त्रिकोणासन भिंतीला टेकून, पाय जरा जवळ घेऊन केलं तर चालेल का? मार्जारासनाने मात्र कंबर इतकी मोकळी होते, की मी ते घरीसुद्धा रात्री करते. बद्धकोणासनही छान वाटतं, फक्त गुडघे खाली दाबू नका. सांधे आता सैल झालेत, ताण किती बसला ते लगेच कळत नाही. ‘अजून थोडं’ हे तुमचं पेटंट वाक्य एप्रिलपर्यंत माझ्यापुरतं बंद ठेवा!

पुढच्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी आहे. त्यात काही वेगळं निघालं तर मी थांबेन आणि तुम्हाला कळवेन. वर्गात चक्कर, रक्तस्राव किंवा पोटात कळा असं काही झालं, तर यांना फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेच.

एक विनंती. वर्गात जाहीर करू नका. पोट दिसेल तेव्हा बायका आपणच विचारतील, तोवर मला सहाच्या बॅचमध्ये दाराजवळच्या भिंतीशी जागा द्या, म्हणजे मध्येच उठून लघवीला जाता येईल. सारखं जावं लागतं. रविवारी अजिंक्यताऱ्यावर मी येणार नाही, चढ नको वाटतो.

तुम्हाला गरोदरपणातल्या योगाची सवय नसेल तर तसं सरळ सांगा, मला वाईट वाटणार नाही. सोमवारी वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं थांबाल का? डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणते.

तुमची,
स्नेहल