ई ड्राइव्ह

रात्रभर चाललेलं व्हिडिओचं रेंडर सकाळी १०:३८ला संपलं. सायलीने फाइल उघडून सुरुवातीचा तुकडा पाहिला, शेवटचा पाहिला, मधलं देवावर सोडलं. कॉल अकराला होता. आता फक्त ते इन्स्टॉल करायचं राहिलं होतं.

ते म्हणजे क्लायंटचं मीटिंगचं सॉफ्टवेअर. अनघाचा मेल काल संध्याकाळी उशिरा आला होता. "उद्याचा कॉल आमच्या टूलवरच घेऊ. सिक्युरिटीचा नियम आहे, त्यामुळे ब्राउझरमधून किंवा फोनवरून जॉइन होता येणार नाही. छोटंसंच आहे मॅम, दोन मिनिटांत होतं." सायलीने 'नक्की' लिहून पाठवलं होतं. रेंडर चालू असताना मशीनला हात लावायचा नाही हा तिचा शिरस्ता. इन्स्टॉलर मध्येच रीस्टार्ट मागतात, आणि अर्ध्यात तुटलेलं रेंडर म्हणजे अख्खी रात्र पाण्यात. म्हणून सकाळी.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत 'दोन मिनिटं' ही नेहमी सांगणाऱ्याच्या मशीनवरची असतात.

तिने सेटअपवर डबल क्लिक केलं. परवानगी मागणारी खिडकी आली, तिने हो म्हटलं, आणि लगेच दुसरी आली: `Another installation is already in progress.` रेंडर संपून मशीन जरा मोकळं झालं होतं, तेवढ्यात सिस्टिमने स्वतःचं अपडेट बसवायला घेतलं होतं. एका वेळी एकच इन्स्टॉलर, रांगेत या. इथे घाई करून काही उपयोग नसतो हे तिला माहीत होतं. अपडेट मध्येच मारलं तर ते जाताना काय मोडून जाईल याचा नेम नाही. ती थांबली. थांबता थांबता कॅमेरा पुसला, हेडफोन लावून पाहिले, मागच्या भिंतीवरचा वाळत घातलेला टॉवेल काढला.

१०:४६ला अपडेट संपलं. तिने पुन्हा सेटअप चालवला. हिरवी पट्टी भरायला लागली. निम्मी झाली, पाऊण झाली, आणि मग शांतपणे उलटी जायला लागली. खाली अक्षरं: `Rolling back action`. आणि त्यावर एक राखाडी चौकट:

```
Error 1327. Invalid Drive: E:\
```

खाली एकच बटण. ओके. काय ओके?

तिच्या मशीनला सी होता, डी होता. ई नव्हताच. सेटअपमध्ये तिने कुठे ई निवडला नव्हता, निवडायला विचारलंही नव्हतं. तिने अँटिव्हायरस बंद करून पाहिला. सेटअप ॲडमिन म्हणून चालवला. डाउनलोड खराब असेल म्हणून नव्याने उतरवून घेतला. दर वेळी पट्टी तितकीच भरायची आणि तितक्याच सभ्यपणे माघारी जायची.

नोकरीत असती तर हा तिचा प्रश्नच नव्हता. आयटीवाल्याला फोन केला असता, 'माझं चालत नाहीये' एवढं सांगून खुर्ची मागे ढकलली असती. इथे आयटी तीच, अकाउंट्स तीच, आणि टॉवेल काढणारीही तीच. शिवाय हा कॉल काही साधा नव्हता. आजवर अनघामार्फत सुटी कामं येत होती, एक व्हिडिओ आज, एक महिन्याने. आज पहिल्यांदा अनघाचे सर बसणार होते, आणि वर्षभराच्या कामाचं ठरणार होतं.

१०:५२. तिने अनघाला मेसेज टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. 'थोडा टेक्निकल इश्यू आहे' हे वाक्य तिला आवडेना. सगळेच लिहितात, आणि वाचणारा त्याचा अर्थ 'उशिरा उठले' असाच लावतो. शेवटी तिने एररचा स्क्रीनशॉटच जोडला आणि लिहिलं, "टूल इन्स्टॉल होत नाहीये. कारण शोधतेय. अकरापर्यंत झालं नाही तर दुसऱ्या लिंकवर घेता येईल का?"

उत्तर तत्काळ आलं. "मॅम, दुसऱ्या लिंकला परवानगी नाही. सर ११:२०ला निघणार आहेत. प्लीज बघा ना काही."

प्लीज बघा ना काही. ती बघतच होती.

मग तिने जे केलं ते करायला तिला खरं तर पहिल्या एररलाच सुचलं होतं. केदारचा नंबर फोनमध्ये अजून 'केदार काम' या नावानेच होता. तीन वर्षं त्यांनी एकत्र कामं घेतली होती. हे मशीनही त्यानेच जोडून, लावून दिलेलं. वेगळे झाले तेव्हा भांडण असं झालं नव्हतं. केदार फक्त म्हणाला होता, "क्लायंटने काही सांगितलं की तू आधी हो म्हणतेस आणि मग ते निस्तरायला आपण दोघं बसतो." त्याने त्याचा मॉनिटर नेला, त्याची एक्स्टर्नल डिस्क नेली. त्यानंतर फोन नाही.

दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

"बोल."

"केदार, आठ मिनिटांत कॉल आहे. एक इन्स्टॉल होत नाहीये. एरर १३२७, इनव्हॅलिड ड्राइव्ह, ई."

पलीकडे काही क्षण काहीच नाही. मग तो हसला. कुत्सित नव्हे, सापडल्यावर हसतात तसा.

"डॉक्युमेंट्सवर क्लिक कर. काय येतं?"

तिने केलं. लोकेशन उपलब्ध नाही, अशी चौकट आली. ती चौकट तिने पूर्वी पाहिलेली होती. तेव्हापासून तिने डॉक्युमेंट्स उघडणंच सोडून दिलं होतं. सगळी कामं डीवर ठेवायची, अडत काही नव्हतं.

"तुझा सी भरला होता तेव्हा मी डॉक्युमेंट्सचं फोल्डर डिस्कवर हलवलं होतं. ई म्हणजे ती डिस्क. ती इथे माझ्याकडे आहे, पण तुझ्या सिस्टिमच्या नोंदीत डॉक्युमेंट्सचा पत्ता अजून ईच आहे. इन्स्टॉलर असले सगळे पत्ते तपासतो. एक सापडला नाही की बाकीचं सगळं ठीक असलं तरी उठून जातो."

"मला इतिहास नको, काय करू ते सांग."

"नोंद बदलता येईल, पण आत्ता नको. घाईत रजिस्ट्रीत हात घालू नकोस. पेनड्राइव्ह आहे?"

होता. खणात, चार्जरांच्या गुंत्यात. तिने तो लावला. मशीनने त्याला एफ नाव दिलं.

"डिस्क मॅनेजमेंट उघड. रनमध्ये `diskmgmt.msc` टाक. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, ड्राइव्ह लेटर बदल. एफ काढून ई दे."

तिने ई निवडल्यावर सिस्टिमने बजावलं, की ड्राइव्हच्या अक्षरावर अवलंबून असलेले काही प्रोग्रॅम नीट चालणार नाहीत. चालवायचं का पुढे?

"आता सुचतंय याला," सायली म्हणाली.

"हो म्हण. ते तुला जमतं."

ती काही बोलली नाही. तोही नाही. तिने हो केलं आणि सेटअप चालवला. पट्टी निम्मी झाली. पाऊण झाली. जिथून दर वेळी माघारी फिरायची तिथे जरा रेंगाळली, आणि पुढे गेली.

"जातंय."

"ठेवतो मग. कॉल संपेपर्यंत पेनड्राइव्ह काढू नकोस," म्हणून त्याने ठेवलासुद्धा.

इन्स्टॉल झाल्यावर टूलने रीस्टार्ट मागितला. अर्थात मागितला. तिने 'नंतर' दाबलं, लॉगिन केलं, मेलवर आलेला कोड टाकला, मायक्रोफोनची परवानगी दिली, कॅमेऱ्याची दिली, सूचनांची दिली नाही. ११:०४ला ती आत होती. अनघाचा चेहरा पाहून कळत होतं, की मधली मिनिटं तिनेही काही सुखात काढलेली नाहीत.

कॉलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. व्हिडिओ चालला. देवावर सोडलेल्या भागात एका ठिकाणी अक्षरं जरा लवकर निघून जात होती. ते सायलीला दिसलं, बाकी कोणाला दिसलं नाही. सरांनी नेमके दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही चांगले होते. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "काम आवडलं. वर्षभराचं करूया. अनघा तुम्हाला कागद पाठवेल. एक आहे, आमच्या बाहेरच्या सगळ्या लोकांना हे टूल कामाच्या वेळात चालू ठेवावं लागतं. फाइल्स त्यातूनच जातात, तासही त्यातच नोंदले जातात. आता तुमच्याकडे इन्स्टॉल झालेलंच आहे, तर प्रश्न नाही."

'नक्की' हा शब्द सायलीच्या तोंडात तयार होता.

"प्रश्न आहे," ती म्हणाली. "या मशीनवर मी इतरांचीही कामं करते. त्यांच्या फाइल्स इथेच असतात. तुमचं टूल दिवसभर इथे चालू ठेवणं त्यांच्याशी केलेल्या करारात बसणार नाही. आणि रेंडर चालू असताना मशीनवर दुसरं काही मी ठेवत नाही."

अनघाने खाली बघितलं.

"मग?" सर म्हणाले. रागावलेले नव्हते. खरंच विचारत होते.

"तुमच्या कामापुरता एक लॅपटॉप तुम्ही द्या. टूल तुमच्या लोकांनी त्यावर लावून, तपासून पाठवायचं. फाइल्स, तास, मीटिंग सगळं त्यावरून होईल. जड रेंडर इथे करेन आणि तयार फाइल त्यात टाकेन. बिघडलं तर तुमचं आयटी बघेल."

सरांनी आवाज म्यूट केला आणि बाजूला कोणाशी तरी काही बोलले. ओठ हलताना दिसत होते. ही मिनिटभराची मूकचित्रं ज्याने पाहिली नाहीत, त्याने फ्रीलान्सिंग केलेलंच नाही. मग आवाज आला. "स्पेअरमध्ये एक आहे म्हणतात. नवा नाही. चालेल?"

"चालेल. फक्त तो येईपर्यंत माझे तास सुरू होणार नाहीत, आणि डिलिव्हरीची तारीखही तेव्हापासून मोजायची. अनघा, कागदात हे येऊ दे."

"येईल मॅम," अनघा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा जरा हसली.

११:२१ला सर निघून गेले. सायलीने टूल बंद केलं, मग काढूनच टाकलं. काढायला मात्र त्याने एकही चौकट दाखवली नाही.

फोनवर केदारचा मेसेज पडला होता. "झालं?"

"झालं. वर्षभराचं दिलं."

"वा. टूल?"

"नाही म्हटलं. त्यांचा लॅपटॉप येतोय."

बराच वेळ तो काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत राहिलं, पण आला एकच शब्द: "कोण?"

"मी, अजून कोण. डॉक्युमेंट्स कायमचं सीवर कसं आणायचं ते सांग. पेनड्राइव्ह मला परत हवाय."

"फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन, तिथे रिस्टोअर डिफॉल्ट. जुन्या फाइल्स डिस्कवर तशाच आहेत, हात लावलेला नाही. कुरिअर करू?"

तिने आधी लोकेशन बदललं. डॉक्युमेंट्स उघडलं, रिकामं होतं, पण उघडलं. मग उत्तर लिहिलं, "कर. आणि सोबत तुझा तासाचा दर लिहून पाठव, नवा. दर महिन्याला चार व्हिडिओ आहेत, एकटीने होणारे नाहीत."

"आधी कागद दाखव," केदारने लिहिलं. "मग सांगतो."

तिने अनघाला फोन लावला, कागद कधीपर्यंत येतील ते विचारायला.