प्रबंधाचा मसुदा: सरांच्या शेऱ्यांवरून दुरुस्त्यांचा क्रम

आधी प्रकरण 3. शेरा: ‘1972च्या दुष्काळावरून थेट रोजगार हमी कायद्यावर उडी. मधली वर्षं कुठे?’ प्रबंधाचा कणाच इथे आहे. कायदा 1977चा, अंमल 1979 पासून; हा सगळा टप्पा विधिमंडळातील चर्चांच्या आधारे नव्याने लिहायचा. तोवर निष्कर्षाला हात लावायचा नाही.

मग प्रकरण 2. मुलाखतींसाठी गावं कशी निवडली ते सांगायचं. स्त्री मजुरांच्या मुलाखती परिशिष्टातून मुख्य मजकुरात आणायच्या. सरांनी हे दोनदा अधोरेखित केलंय, आणि ते अगदी रास्त आहे.

सरांना विचारायचं: पान 41 वरचा ‘पुनर्विचार’ तक्त्याबद्दल की युक्तिवादाबद्दल?

शेवटी: लांबलेली प्रस्तावना कापणं, तळटीपा, शुद्धलेखन.