पाच दिवस माझा काहीच निरोप आला नाही, तर उघड

प्रिय मीनल,

व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसत असेल. तिचा अर्थ एवढाच, की माझ्या फोनला नेट नाही.

ब्राझीलच्या तुबारांवहून आयर्न ओअर, म्हणजे लोहखनिज, भरून चीनच्या चिंगडाओला पोचायला आमच्या जहाजाला साधारण ४० दिवस लागतात. त्यात केप ऑफ गुड होपनंतर हिंदी महासागर संपेपर्यंत किनारा नाहीच. नेटचा अँटेना ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, वर पांढऱ्या घुमटात असतो. त्याच्या आणि उपग्रहाच्या मध्ये मास्टचा खांब किंवा फनेलचं धुराडं आलं की सिग्नल जातो, आणि या टप्प्यात जहाज दिवसच्या दिवस एकाच दिशेने चालतं. अँटेनाची मोटर गेली तर स्पेअर पुढच्या बंदरातच मिळतो. मग जहाजावर कुणालाच नेट नाही.

मोबाईलवरचा नकाशा उघडून बसू नकोस. फुकटातल्या साइटला किनाऱ्यापासून साधारण ४० सागरी मैलांपर्यंतचीच जहाजं दिसतात. त्यापुढे ‘आउट ऑफ रेंज’ येतं आणि जुनीच जागा दिसत राहते.

आता काय करायचं ते. जहाज रोज दुपारी बाराला कंपनीला नून रिपोर्ट पाठवतं. जागा, वेग, हवामान, उरलेलं इंधन. हा मेल वेगळ्या, छोट्या लिंकवरून जातो, नेट बंद असलं तरी. म्हणून ऑफिसला फोन करून ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारू नकोस, ते ‘हो मॅडम’ म्हणतील. विचार: शेवटचा नून रिपोर्ट कोणत्या तारखेचा, जागा कुठली, पुढच्या बंदराचा ईटीए, म्हणजे पोचायची अंदाजे वेळ, काय? जहाजाच्या ओळखीचा आयएमओ नंबर आणि माझ्या खलाशी-पुस्तिकेचा सीडीसी नंबर निळ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहेत. धड उत्तर नाही मिळालं तर डीपीएचा, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेसाठी कंपनीने किनाऱ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याचा, नंबर लाव. तो माणूस याच कामासाठी नेमलेला असतो, रात्रीही फोन केलास तरी चालेल.

आणि खरंच काही झालं, तर ते लपून राहत नाही. जहाज बुडायला लागलं तर इपर्ब हा संकटाचा संदेश देणारा ट्रान्समीटर आपोआप सुटून पाण्यावर येतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला जहाजाची ओळख कळवतो. तसा काही संदेश आला असता, तर ऑफिसनेच तुला गाठलं असतं.

कुणी ‘जहाजावरून बोलतोय, साहेबांना पैसे हवेत’ म्हणालं तर फोन ठेव. ओटीपी कुणालाच नाही. अलॉटमेंट, म्हणजे पगारातून घरी येणारी रक्कम, उशिरा आली तरी हप्त्याच्या खात्यात दोन महिन्यांचे पैसे ठेवलेत.

तुला काही कळवायचं असेल तर ऑफिसला सांग, ते कॅप्टनच्या मेलवर पाठवतील. फोटो नको, चार ओळी पुरेत. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, सईला ताप आला, काहीही असो, ‘याला उगाच काळजी’ म्हणून मागे ठेवू नकोस. मला सगळं हवंय, तुझ्या शब्दांत.

तुझा,
सुहास