शेजारच्या बांधकामाच्या तक्रारीवर तुमची सही हवी आहे

लातूर
दि. 10 जानेवारी 2025

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

काकूंची आणि तुमची तब्येत ठीक असेल. गेल्या आठवड्यात फोनवर या विषयाचं निघालं, तेव्हा तुम्ही शेतावर होता आणि आवाज नीट येत नव्हता. म्हणून सगळं सविस्तर लिहून हे पत्र आणि सोबतचे फोटो निलंग्याला येणाऱ्या आमच्या पाहुण्यांच्या हाती देत आहे.

आपल्या घराच्या पूर्वेच्या रिकाम्या प्लॉटवर दिवाळीनंतर काम सुरू झालं. वरची काळी माती जेसीबीने काढली तोवर त्रास सोसण्यासारखा होता. मुरमाखाली काळा पाषाण लागला आणि पोकलेनला ब्रेकर लावला, तेव्हापासून घरात बसवत नाही. ब्रेकर चालू असताना भांड्यांची मांडणी खडखडते. बोललेलं ऐकू येत नाही. खोदाई आता संपत आली असली तरी सळई कापायचं मशीन आपल्या कंपाउंडला लागूनच मांडलं आहे, आणि गिट्टी-डस्टचे हायवा रात्री येऊन खाली होतात. अकराच्या पुढेही मिक्सर चालतो.

धुळीचं तर सांगायलाच नको. गिट्टी, डस्ट, उकरलेला मुरूम, सगळं रस्त्याच्या कडेला उघडं पडलेलं आहे. गाडी गेली की लोट आपल्या खिडक्यांत येतो. गच्चीवर तूर वाळत घातली होती, ती दोनदा धुऊन घ्यावी लागली. मी शिलाईचं काम करते हे तुम्हाला माहीत आहे. लग्नसराईचे ब्लाउज हातात आहेत आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या, फिक्या कापडावर धूळ बसली तर ते मलाच भरून द्यावं लागतं. म्हणून खिडक्या बंद, पडदे बंद, दिवसा लाइट लावून शिवते.

पण काका, मला खरी काळजी दोघांची आहे. मामांना दमा आहे. रात्री त्यांना उशी लावून बसवावं लागतं, पंप जवळ ठेवावा लागतो. डॉक्टरांनी धुळीपासून दूर ठेवा म्हणून स्पष्ट सांगितलं आहे, पण घरातच धूळ येत असेल तर त्यांना न्यायचं कुठे? आणि आमची प्राची बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, मे महिन्यात नीट. तुम्हीच तिला मागच्या वर्षी म्हणाला होता, लातूरला राहून शिकतेस तर नाव काढ. आवाजामुळे ती क्लासनंतर मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन अभ्यास करते आणि अंधार पडल्यावर परत येते. रात्री मिक्सर सुरू झाला की पुस्तक मिटून बसते. तिचं हे वर्ष पुन्हा येणार नाही.

बोलून पाहिलं नाही असं नाही. मुकादम म्हणतो, "ताई, काम म्हणलं की धूळ होणारच." पाणी मारा म्हटलं तर म्हणतो, लातुरात प्यायला पाणी पुरत नाही, मातीवर कुठून मारू. 2016 साली रेल्वेने पाणी आलेलं हे गाव, पाण्याची किंमत आम्हालाही कळते. पण त्याच साइटवर बोर आहे आणि काँक्रीटला पाणी पुरतं. ढिगावर ताडपत्री टाकायला, हिरवी जाळी बांधायला तर पाणीही लागत नाही. प्लॉटमालकांना यांनी फोन केला. ते सभ्यपणे बोलले, ठेकेदाराला सांगतो म्हणाले. साइटवर मात्र काही बदललं नाही.

घर बांधू नका असं आमचं म्हणणं नाही. ज्याचा प्लॉट, तो बांधणारच. नियमात राहून बांधा, एवढंच मागणं आहे, आणि नियम स्पष्ट आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायलाच मनाई आहे. धुळीसाठी केंद्र सरकारने 2018 साली पर्यावरण संरक्षण नियमांत भर घातली. ज्या शहरांत हवेतल्या धुळीचं प्रमाण मर्यादेबाहेर आहे, तिथे बांधकामाचं साहित्य उघड्यावर कापायचं नाही, रस्त्याच्या कडेला साठवायचं नाही, न झाकलेल्या गाडीतून न्यायचं नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं लातूर आहे, म्हणजे हवेचा प्रश्न सरकारनेही मान्य केलेला आहे.

तक्रार महानगरपालिकेत द्यायची आहे आणि रात्रीच्या कामासाठी एक प्रत पोलीस ठाण्यात. मग तुम्हाला त्रास कशाला, असं वाटेल. आम्ही भाडेकरू. तोंडी विचारायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, घरमालकाचं काय म्हणणं आहे? मालमत्ता कर तुमच्या नावावर आहे. शिवाय नुकसान तुमच्या वास्तूचंही होत आहे. फोटो क्रमांक 3 आणि 4 नीट पाहा. पूर्वेच्या कंपाउंडला उभी चीर गेली आहे आणि जिन्याच्या भिंतीचा गिलावा सुटला आहे. खोदाईच्या आधी हे नव्हतं. गणपतीत काढलेल्या फोटोत तीच भिंत धड दिसते, तो फोटोही जोडला आहे. आज याची लेखी नोंद झाली नाही, तर इमारत उभी राहिल्यावर ही चीर जुनीच होती असं म्हणायला कुणीही मोकळं. ते तुमच्या वतीने सांगायचा अधिकार मला नाही.

प्लॉटमालक तुमच्या ओळखीचे आहेत, एकमेकांच्या कार्यात येणं-जाणं आहे, याची मला जाणीव आहे. संबंध बिघडावेत अशी आमची मुळीच इच्छा नाही. म्हणून आधी तुम्ही त्यांना एक फोन करा. तुमचा शब्द ते टाळणार नाहीत असं मला वाटतं. रात्री 10 नंतर काम बंद, सळई कापायचं मशीन प्लॉटच्या पलीकडच्या बाजूला, ढिगावर ताडपत्री, आपल्या बाजूने पत्रे आणि जाळी, आणि भिंतीची पाहणी करून दुरुस्ती. एवढं झालं तर तक्रार देणारच नाही. येत्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे 17 तारखेपर्यंत फरक पडला नाही, तर मात्र सोमवारी 20 तारखेला अर्ज द्यायचा आहे.

अर्ज आमच्या नावानेच आहे. त्याखाली तुमच्यासाठी एवढाच मजकूर ठेवला आहे:

"मी या घराचा मालक आहे. माझ्या भाडेकरूंनी वर मांडलेल्या तक्रारीस माझी संमती व पाठिंबा आहे. शेजारील खोदकामानंतर माझ्या कंपाउंड भिंतीस तडा गेला असून जिन्याचा गिलावा सुटला आहे. महानगरपालिकेने स्थळपाहणी करून पंचनामा करावा व बांधकाम नियमानुसार होत असल्याची खात्री करावी, ही विनंती."

यात काही बदलावंसं वाटलं तर हाताने खोडून लिहा, मी अर्ज नव्याने टाइप करून घेईन. सही केलेला कागद आणि चालू वर्षाच्या कर पावतीची झेरॉक्स पाहुण्यांकडेच परत द्या. ते बुधवारी निघणार आहेत. जमलं तर एकदा स्वतः येऊन भिंत पाहून जा, दुपारी जेवायलाच या.

भाडं नेहमीप्रमाणे 5 तारखेला जमा केलं आहे आणि पुढेही वेळेवर येईल. या त्रासाचा त्याच्याशी काही संबंध जोडणार नाही. प्राचीची परीक्षा तोंडावर असताना घर बदलणं शक्य नाही, आणि तुमच्यासारखे घरमालक सोडून जायची इच्छाही नाही. प्लॉटमालकांशी काय बोलणं होतं ते फोनवर कळवा. संध्याकाळी सहानंतर यांचा फोन चालू असतो.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सुनीता
(पहिला मजला)

सोबत: फोटो, अर्जाची प्रत, मामांच्या डॉक्टरांची चिठ्ठी