तोफा, तिजोरी आणि राजसत्ता

तोफ ओतणारा ऑर्बान हा हंगेरीचा कारागीर. तो आधी नोकरी मागायला गेला कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे. सम्राटाला त्याचा पगार झेपेना, म्हणून ऑर्बान सरळ शत्रूच्या दारात गेला. एकवीस वर्षांच्या तुर्की सुलतान मेहमेदने त्याला हवे तेवढे पैसे आणि धातू दिला. एदिर्ने शहरात ओतलेली त्याची अजस्र तोफ ओढायला ६० बैल लागले. दिवसातून ती जेमतेम सातेक वेळा उडे, कारण नळी निवायला वेळ द्यावा लागे. तरीही हजार वर्षे शहर राखणाऱ्या तटाला तिने आणि तिच्या भावंडांनी खिंडारे पाडली. २९ मे १४५३ रोजी शहर पडले.

या किश्शात तोफेइतकाच पगारही महत्त्वाचा आहे. शोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण चिनी लोकांना कित्येक शतके आधीच ठाऊक होते. पण तोफखाना बाळगायचा तर ओतारी, गोलंदाज, सुतार, बैल, दारूगोळ्याची कोठारे आणि रस्ते हे सगळे लागते. एखाद्या गढीवाल्या सरदाराच्या उत्पन्नात ते बसत नाही. त्याची खरी ताकद होती त्याची भिंत. ती असेपर्यंत राजाचा हुकूम त्याने मानला तर मानला.

फ्रान्समध्ये हे उघड दिसते. सातव्या चार्ल्सने १४३९ मध्ये फर्मान काढले की फौज उभारायचा हक्क फक्त राजाचा. १४४५ पासून त्याने कायम पगारी पथके ठेवली आणि त्यांच्यासाठी दरसालचा कर बसवला. मग ब्यूरो बंधूंचा तोफखाना घेऊन इंग्रजांच्या हातातला नॉर्मंडी प्रांत त्याने साधारण वर्षभरात सोडवला. ज्या भिंतींसमोर पूर्वी महिनोन्महिने तळ ठोकावा लागे, त्यांतल्या कित्येकांचे दरवाजे तोफा आलेल्या पाहूनच उघडले. पण इंग्रज गेले तरी कर काही उठला नाही.

तोफेवर उताराही निघाला. इटलीत उंच भिंतींऐवजी बुटके, जाड, मातीने भरलेले कोनाकृती बुरूज बांधू लागले. गोळा मातीत रुतून बसायचा. मात्र असा तट बांधणे म्हणजे दिवाळे काढणे. सिएना नगरराज्याने बुरुजांवर इतका खर्च केला की फौजेला पैसा उरला नाही, आणि १५५५ मध्ये ते स्वातंत्र्य गमावून बसले. मोठे राजेही सुटले नाहीत. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे अमेरिकेची चांदी येत होती, तरी १५५७ ते १५९६ या काळात त्याने चार वेळा सावकारांना हात वर करून दाखवले. सरदारांच्या जाचातून मोकळा झालेला राजा सावकारांच्या हाती लागला, असे म्हणायला माझी हरकत नाही.

आपल्याकडे बाबराने पानिपतावर १५२६ मध्ये गाडे कातड्याच्या दोरांनी जखडून त्यांच्या आड बंदूकवाले उभे केले, हे सगळ्यांना माहीत असते. मला त्याच वर्षी आग्र्यात घडलेला प्रसंग जास्त बोलका वाटतो. उस्ताद अली कुली मोठी तोफ ओतत होता. साच्याभोवती आठ भट्ट्या पेटल्या होत्या. साचा भरायच्या आधीच धातूचा ओघ थांबला आणि उस्ताद त्या रसात उडी घ्यायला निघाला. बाबराने त्याची समजूत घातली, वर खिलतही दिली. दोन दिवसांनी साचा उघडला, तर नळी निर्दोष निघाली! पादशहाने कारागिराची मनधरणी करावी, इतका तो माणूस मोलाचा होता.

सह्याद्रीत मात्र तोफेचे गणित अडते, कारण ती वर चढवायची कशी? १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाने ते करून दाखवले. पुरंदराला खेटून असलेल्या वज्रगडासमोर अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर अशा नावांच्या तोफा एकेक करून वर ओढल्या, एकेकीला तीन-साडेतीन दिवस लागले. १४ एप्रिलला वज्रगड पडला. मग पुरंदरावर मारा करणे सोपे झाले आणि जूनमध्ये शिवाजी महाराजांना २३ किल्ले देऊन तह करावा लागला.

पण असे प्रत्येक गडावर करायचे तर किती बैल, किती माणसे, किती महिने? औरंगजेब ते करायला बसला. १७०० मध्ये साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याखाली मोगलांनी सुरुंग उडवला, तर तट त्यांच्याच फौजेवर कोसळला आणि शेकडो माणसे गाडली गेली. पुढे काही दिवसांनी किल्ला ताब्यात आला, तोही किल्लेदाराशी बोलणी करून.