रविवारच्या बॅचचा सराव संच : एकापेक्षा जास्त उत्तरे बरोबर (उत्तरे आणि स्पष्टीकरणासह)

एकूण प्रश्न ९, प्रत्येकी २ गुण, वेळ २५ मिनिटे.

सूचना : प्रत्येक प्रश्नात किमान दोन पर्याय बरोबर आहेत. किती, ते सांगितलेले नाही. बरोबर असलेले सगळे पर्याय निवडले आणि त्यात एकही चुकीचा नसला तरच २ गुण मिळतील. एक राहिला तरी शून्य, एक जास्त झाला तरी शून्य. उणे गुण नाहीत. गेटच्या पेपरात २०२१ पासून असे प्रश्न याच नियमाने येतात. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये मात्र अर्धवट बरोबर उत्तराला थोडे गुण मिळतात आणि चुकीचा पर्याय निवडला की गुण कापले जातात, त्यामुळे तिकडे बसणाऱ्यांनी सवय वेगळी ठेवावी.

गेल्या रविवारी तुमच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट सारखी दिसली. तीन गोल ठाम काळे केलेले आणि चौथा पेन्सिलने करून खोडलेला, परत केलेला, परत खोडलेला. त्या चौथ्या गोलानेच बहुतेकांचे गुण घालवले. म्हणून या वेळी उत्तराखाली कारण लिहून दिले आहे. बरोबर पर्याय का बरोबर, हे तुम्हाला बहुतेक वेळा माहीत असते. चुकीचा का चुकीचा, ते वाचा.

प्रश्न १. खालीलपैकी कोणत्या नद्यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते?

अ) कासारी
ब) वारणा
क) तुळशी
ड) दूधगंगा
इ) कुंभी
फ) भोगावती

उत्तर : अ, क, इ, फ

पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते, म्हणून नाव पंचगंगा. प्रयाग चिखलीचा संगम तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, तिथून पुढे ती पंचगंगा म्हणून वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

या प्रश्नात सगळ्यात जास्त चुका 'ड'वर होतात आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आणले, नळाला येते, त्यामुळे दूधगंगा आपलीच वाटते. पण ते पाणी नळातून येते, पंचगंगेच्या पात्रातून नाही. काळम्मावाडी धरण दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा आपल्या वाटेने स्वतंत्रपणे कृष्णेला जाते. राधानगरी धरण मात्र भोगावतीवर आहे. धरणाचे नाव आणि नदीचे नाव एकत्र पाठ केले तर हा गोंधळ होत नाही. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते.

प्रश्न २. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) पुढीलपैकी काय घडले?

अ) मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम
ब) राजाराम कॉलेजची स्थापना
क) माणगाव परिषद
ड) प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे
इ) कोल्हापूर संस्थानाचे मुंबई प्रांतात विलीनीकरण

उत्तर : अ, क, ड

राखीव जागांचा हुकूम १९०२ चा, सक्तीचे शिक्षण १९१७ चे, माणगाव परिषद मार्च १९२० ची. परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि महाराज स्वतः तिथे हजर होते. हे माणगाव आपल्या हातकणंगले तालुक्यातले, रायगड जिल्ह्यातले नव्हे.

राजाराम कॉलेज १८८० चे, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाआधी चौदा वर्षे. शिक्षणाचे मोठे काम दिसले की ते शाहू महाराजांचे, असे मन आपोआप म्हणते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण प्रश्नात कालखंड दिला असेल तर प्रत्येक पर्यायासमोर साल लिहा, मगच गोल काळा करा. विलीनीकरण १९४९ चे.

प्रश्न ३. मार्केट यार्डात एका अडत्याकडे गुळाचे ५०४ रवे आले आहेत. प्रत्येक ओळीत सारखेच रवे ठेवायचे आणि एकही उरवायचा नाही. एका ओळीत किती रवे ठेवता येतील?

अ) ७
ब) १६
क) १८
ड) २४
इ) २७

उत्तर : अ, क, ड

५०४ = २ × २ × २ × ३ × ३ × ७

सगळे उत्तर या एका ओळीत आहे. कोणताही भाजक याच अवयवांतून बनला पाहिजे. १८ म्हणजे २ × ३ × ३, तेवढे आपल्याकडे आहेत. २४ म्हणजे २ × २ × २ × ३, तेही आहेत. १६ ला चार वेळा २ लागतो, आपल्याकडे तीनच. २७ ला तीन वेळा ३ लागतो, आपल्याकडे दोनच.

'५०४ ला २ ने भाग जातो, ८ नेही जातो, म्हणून २ × ८ = १६ ने जाणारच' हा विचार तुमच्यापैकी पुष्कळांच्या कच्च्या कामात दिसतो. तसेच ३ आणि ९ वरून २७. हा नियम चालतो, पण दोन संख्यांना १ सोडून सामाईक अवयव नसेल तेव्हाच. २ आणि ८ मध्ये २ सामाईक आहे. एकच २ तुम्ही दोनदा मोजला. ७ आणि ८ वरून ५६ म्हणालात तर ते बरोबर, कारण त्यांच्यात सामाईक काही नाही. ताळा करून बघा : ५०४ ÷ ५६ = ९.

प्रश्न ४. गुऱ्हाळावर घडणाऱ्या पुढीलपैकी कोणत्या बदलांना भौतिक बदल म्हणता येईल?

अ) चरकात ऊस पिळून रस वेगळा होणे
ब) काहिलीत रस उकळताना पाण्याची वाफ होणे
क) चुलवाणात चिपाड जळणे
ड) चुन्याची निवळी घातल्यावर रसातली आम्लता कमी होणे
इ) घट्ट पाक साच्यात थंड होऊन रवा तयार होणे

उत्तर : अ, ब, इ

नवा पदार्थ तयार झाला का, एवढेच विचारायचे. चिपाड जळाले की राख, धूर आणि वायू उरतात, चिपाड परत मिळत नाही. निवळीत चुना, रसात सेंद्रिय आम्ले, त्यांची अभिक्रिया होऊन क्षार तयार होतात. म्हणून क आणि ड रासायनिक.

'ड' सोपा वाटत नाही, कारण डोळ्याला ज्वाळा दिसत नाही. गुळव्या निवळी घालतो, मळी वर येते, तो झाऱ्याने काढून टाकतो, आपल्याला हे गाळण्यासारखे वाटते. मळी काढणे ही वेगळी क्रिया आहे. पर्यायात विचारले आहे आम्लता कमी होण्याबद्दल. पर्यायातले शब्द वाचा, मनातले चित्र नको.

प्रश्न ५. कर्मणी प्रयोगाची वाक्ये निवडा.

अ) आजीने तांबडा रस्सा वाढला.
ब) पंचांनी पैलवानाला उठवले.
क) पैलवानाने दूध आटवले.
ड) मुले खासबागेत कुस्ती बघतात.
इ) वस्तादांनी लाल माती चाळली.

उत्तर : अ, क, इ

खरी अडचण 'ब' आणि 'क' मध्ये आहे. दोन्हीकडे क्रियापद 'ले'ने संपते, दोन्हीकडे कर्ता 'ने' किंवा 'नी' लागलेला. दिसायला जुळी भावंडे. मग एक कर्मणी आणि एक भावे कसे?

कर्म बदलून बघा. 'दूध'च्या जागी 'बासुंदी' घाला : पैलवानाने बासुंदी आटवली. क्रियापद बदलले, म्हणजे ते कर्माच्या मागे चालते. कर्मणी. आता 'पैलवानाला'च्या जागी 'मुलीला' घाला : पंचांनी मुलीला उठवले. 'मुलांना' घाला : पंचांनी मुलांना उठवले. क्रियापद हलत नाही. भावे. कर्म नपुंसकलिंगी एकवचनी असले की कर्मणी प्रयोग भावे प्रयोगासारखा दिसतो, म्हणून अशा वाक्यात ही परीक्षा घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही. 'ड' कर्तरी आहे : मुलगा बघतो, मुलगी बघते.

प्रश्न ६. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोणते जिल्हे येतात?

अ) सोलापूर
ब) रत्नागिरी
क) बेळगाव
ड) पुणे
इ) धारवाड

उत्तर : अ, क, इ

महाराष्ट्रातले चार : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार : बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नावात कोल्हापूर असले तरी मानांकन दोन राज्यांचे मिळून आहे. कर्नाटकातल्या गावांतही ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या शिवली जाते, त्या कारागिरांचा हक्क तितकाच आहे.

प्रश्न ७. कोल्हापूर जिल्ह्यातली कोणती ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत?

अ) पन्हाळगड
ब) विशाळगड
क) राधानगरी अभयारण्य
ड) खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर

उत्तर : अ, क

राधानगरी २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांत आले. महाराष्ट्रातून सोबत कास, कोयना आणि चांदोली. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत आला, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. जुन्या पुस्तकावरून अभ्यास करणाऱ्यांचा 'अ' सुटतो. जुलै १६६० च्या त्या रात्रीमुळे पन्हाळा आणि विशाळगड आपल्या मनात एकाच दोरीत ओवलेले आहेत, म्हणून एक आला की दुसराही आला असे वाटते. यादीत विशाळगड नाही.

प्रश्न ८. खाशाबा जाधव यांच्याबद्दल कोणती विधाने बरोबर आहेत?

अ) त्यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले.
ब) स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.
क) त्यांचा जन्म कोल्हापूर शहरात झाला.
ड) ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते.

उत्तर : अ, ब, ड

जन्म कराडजवळच्या गोळेश्वरचा. कोल्हापुरात ते शिकले, इथल्या मातीत घडले. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परीक्षेत हे विचारतील असे नाही, पण कॉलेजच्या दारातून जाताना तुम्हाला ते माहीत असावे.

प्रश्न ९. `x` ची कोणती किंमत `x² ≥ x` ही अट पूर्ण करते?

अ) −१
ब) ०
क) १/२
ड) १
इ) २

उत्तर : अ, ब, ड, इ

१/२ चा वर्ग १/४, तो लहान झाला, म्हणून फक्त 'क' बाद. ० आणि १ ला दोन्ही बाजू सारख्या येतात आणि चिन्हात 'बरोबर' धरलेले आहे. `>` आणि `≥` मधला तो खालचा छोटा दांडा नजरेतून सुटला की इथे दोन पर्याय जातात.