एथिक्स सेक्शन: ठाण्यातल्या बाळंतिणींमध्ये प्रसूतीनंतरच्या डिप्रेशनचं स्क्रीनिंग (एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष)

ही स्टडी ठाणे शहरातल्या एका महापालिका प्रसूतिगृहात होणार आहे. कळवा, दिघा, वागळे इस्टेट, लोकमान्य नगर या भागातल्या बायका इथे बाळंतपणाला येतात. एकूण 120 आया घ्यायच्या आहेत, बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्यांना दहा प्रश्नांची एडिनबर्ग स्केल विचारायची. रक्त नाही, सुई नाही, औषध नाही, त्यामुळे कागदावर रिस्क कमी दिसते. पण विचारायचंय ते मनातलं, आणि विचारणारी मी त्याच वॉर्डात दोन वर्षं ड्युटी केलेली नर्स, म्हणून या सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त जागा कन्सेंटला दिलीय. आधार आयसीएमआरच्या 2017 च्या राष्ट्रीय एथिकल गाइडलाइन्सचा आहे. एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत पायलटसुद्धा सुरू होणार नाही.

संमती

वॉर्डात युनिफॉर्म घातलेल्या बाईला पेशंट नाही म्हणत नाही, हे मी रोज बघितलंय. सिस्टर म्हणाल्या सही करा, की सही, कशावर ते न विचारता. ही संमती धरायची म्हटलं तर सगळ्या स्टडीलाच अर्थ राहत नाही. म्हणून मी त्या दिवशी साध्या कपड्यात जाणार, ड्युटीवर नसताना जाणार, आणि ओळख करून देतानाच सांगणार की मी आत्ता कॉलेजच्या अभ्यासासाठी आलेय. लेबर रूममध्ये, सिझरच्या दिवशी किंवा कळा सुरू असताना कोणालाही विचारायचं नाही. डिलिव्हरीनंतर किमान 24 तासांनी माहितीपत्रक द्यायचं, वाचून दाखवायचं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी घ्यायचं. ज्यांना त्याआधीच डिस्चार्ज मिळेल त्यांनी विचार करून सहा आठवड्यांच्या लसीकरणाला सांगितलं तरी चालेल.

बोलायचे शब्द साधारण असे: "ताई, मी नर्सिंगचं पुढचं शिकतेय. बाळंतपणानंतर काही बायकांना खूप रडू येतं, झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, त्याबद्दल मी दहा प्रश्न विचारणार आहे. पंधरा-वीस मिनिटं लागतील. नाही म्हणालात तर तुमच्या किंवा बाळाच्या ट्रीटमेंटमध्ये, लसीत, डिस्चार्जमध्ये काही फरक पडणार नाही. मधेच थांबायचं असेल तर फक्त थांबा म्हणा, कारण सांगायला नको." एवढं झालं की मी तिलाच विचारणार, आता मला सांगा मी काय विचारणार आहे आणि नाही म्हटलं तर काय होईल. तिने तिच्या शब्दांत सांगितलं तर पुढे जायचं, नाहीतर परत समजवायचं, आणि तरीही गोंधळ असेल तर तिला घ्यायचंच नाही.

माहितीपत्रक मराठी आणि हिंदीत असेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा घ्यायचा, सोबत साक्षीदाराची सही. साक्षीदार कोण यावर मी बराच विचार केला. वॉर्डमधली मावशी किंवा सिस्टर म्हणजे परत तेच दडपण, शेजारच्या बेडची नातेवाईक म्हणजे घराघरात बातमी. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या, पण या स्टडीशी काही संबंध नसलेल्या एक ट्यूटर साक्षीदार असतील, त्या फक्त माहिती सांगताना हजर राहतील, प्रश्नोत्तरांना नाही.

नवऱ्याला किंवा सासूला विचारून मग सांगते, असं म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पण तिच्याऐवजी त्यांनी दिलेली संमती धरली जाणार नाही, आणि घरचे हो म्हणतायत पण ती गप्प आहे, तर ते नाहीच समजायचं. सहा आठवड्यांनी प्रश्न विचारायच्या आधी परत एकदा तोंडी विचारणार, कारण वॉर्डातला होकार तेव्हाही तसाच असेल असं नाही. पैसे किंवा गिफ्ट काही नाही. लसीच्याच दिवशी काम होत असल्याने वेगळं गाडीभाडं लागणार नाही, फक्त चहा-बिस्किट.

गोपनीयता

लसीकरणाच्या दिवशी सासू किंवा आई सोबत असणारच. तिच्यासमोर "मागच्या सात दिवसांत तुम्हाला रडू आलं का" असं विचारलं तर उत्तर सासूच देते, "नाही हो, मस्त आहे ती". म्हणून बाजूच्या रिकाम्या समुपदेशन खोलीत बसायचं, बाळ हवं तर आईकडेच, आणि सोबतच्या बाईला तोवर बाळाचं कार्ड घेऊन वजनाच्या लाईनीत उभं राहायची विनंती करायची. खोली मोकळी नसेल तर त्या दिवशी मुलाखत नाही.

फॉर्मवर नाव नाही, फक्त कोड नंबर. कोड आणि नाव जुळवणारी वही वेगळी, ती कुलूपबंद कपाटात आणि किल्ली माझ्याकडे. लॅपटॉपमधल्या फाईलला पासवर्ड असेल आणि त्यात फोन नंबर नसतील. गाईड मॅडमना फक्त कोडवाला डेटा दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्मचा फोटो पाठवायचा नाही, अगदी मॅडमनी मागितला तरी. कागद तीन वर्षं ठेवून मग श्रेडरमधून काढायचे, जुळवणीची वही मात्र विश्लेषण संपताच नष्ट करायची.

फोन घरात एकच असतो, तो बऱ्याचदा नवऱ्याकडे. म्हणून फोन उचलणाऱ्याला एवढंच सांगायचं, "लसीच्या तारखेची आठवण करून द्यायला फोन केलाय." डिप्रेशन, अभ्यास, मानसिक हे शब्द फोनवर नाहीत. आणि फोन करण्याआधी वॉर्ड रजिस्टर व आशाताईंकडून खात्री करायची की बाळ सुखरूप आहे. बाळ गेलेल्या आईला लसीची आठवण करून देणारा फोन जाता कामा नये, अशा आईला पुढे बोलावायचंही नाही.

गुप्तता कुठे मोडेल हे तिला आधीच सांगणार. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला "कधीच नाही" सोडून काहीही उत्तर आलं, एकूण स्कोअर कितीही कमी असला तरी, तिला एकटं सोडायचं नाही. त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरना सांगून मानसोपचाराची व्यवस्था होईल, त्या येईपर्यंत मी सोबत बसेन. एकूण 13 किंवा जास्त स्कोअर आला तर रेफरल चिठ्ठी मिळेल. सगळ्यांनाच टेलि-मानसचा 14416 नंबर देणार, पण लसीकरण कार्डाच्या मागच्या बाजूला नुसता "मदत" म्हणून लिहून. घरात मारहाण होत असल्याचं कळलं तर महिला हेल्पलाइनचा 181 नंबर सांगायचा. पुढे जायचं की नाही ते ती ठरवेल, मी परस्पर कुठेही कळवणार नाही, जिवाला लगेच धोका दिसला तर मात्र मेडिकल ऑफिसरना सांगावं लागेल, हेही माहितीपत्रकात आहे.

विशेष काळजी लागणाऱ्या सहभागी

18 वर्षांखालच्या आया या स्टडीत नाहीत. त्यांना मदतीची गरज नाही असं मुळीच नाही, उलट जास्त आहे. पण पोक्सो कायदा 2012 नुसार अशा प्रकरणाची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, म्हणजे मी त्यांना गुप्ततेचं वचनच देऊ शकत नाही. त्यांचं काम प्रसूतिगृहाच्या नेहमीच्या पद्धतीनेच होईल.

लग्न न झालेल्या आईला नवऱ्याचं नाव किंवा "मिस्टर काय करतात" हा प्रश्न नाही, डेमोग्राफिक फॉर्ममधून तो कॉलमच काढलाय, मला त्याची गरजही नव्हती. एचआयव्हीची नोंद फॉर्ममध्ये घेणार नाही, केस पेपरवर दिसली तरी उतरवायची नाही. नाक्यावरच्या कामगार बायका दोन-तीन महिन्यांत गावी जातात, त्या आल्या नाहीत तर शोधायला घरी जायचं नाही. बोलता बोलता रडू आलं तर पेन खाली ठेवायचं, पाणी द्यायचं, पुढचा प्रश्न तिने म्हटल्यावरच.

मधेच माघार घेतली तर तिचा फॉर्म तिच्यासमोर फाडला जाईल. विश्लेषण संपून वही नष्ट झाल्यावर मात्र कोणाचा फॉर्म कुठला हे मलाच कळणार नाही, त्यामुळे तेव्हा काढता येणार नाही, ही गोष्ट संमतीपत्रावर ठळक अक्षरात छापलीय.